तक्रार केली, पण कंपनीच्या तक्त्यात ती कुठंच नव्हती

लिस्टेड कंपनीच्या वार्षिक अहवालात मागच्या बाजूला कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा भाग असतो, अन त्यात चार ओळींचा एक तक्ता असतो. वर्षभरात शेअरहोल्डरच्या तक्रारी किती आल्या, किती सुटल्या, समाधान झालं नाही अशा किती, अन शिल्लक किती. त्याच्या वर स्टेकहोल्डर्स रिलेशनशिप कमिटी असं नाव, कमिटीचा अध्यक्ष कोण, मेंबर कोण, मीटिंग किती झाल्या हे दिलेलं असतं. २०२४ च्या जुलैत मी एका कंपनीचा हा तक्ता उघडला तेव्हा ३१ मार्चची शिल्लक शून्य दाखवलेली होती, अन आमच्या आईचं काम त्याच कंपनीत फेब्रुवारीपासून पडलेलं होतं. मंग हे शून्य आलं कुठून, याच्या मागं लागलो, अन त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहितोय, कारण कागदी शेअर घरात पडून आहेत अशी घरं परभणी, हिंगोली, नांदेडकडं अजून लई आहेत.

आधी काम काय होतं ते सांगतो. आमचे अण्णा परभणीच्या कृषी विद्यापीठात क्लार्क होते. नव्वदच्या दशकात शेअरच्या फॉर्मची लाट आलती तेव्हा त्यांनी एका कंपनीचे १०० शेअर घेतले, पुढं एकास एक बोनस आला अन २०० झाले. सर्टिफिकेट कागदीच राहिले. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही स्वतःच्या घरी आलो, पण फोलिओला, म्हणजे कंपनीकडच्या शेअरच्या खात्याला, पत्ता जुनाच राहिला, त्यामुळं २०१७ पासूनचे डिव्हिडंड वॉरंट काही हातात पडले नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. नॉमिनी लावलेला नव्हता. वारस म्हणजे आई, मी अन नांदेडला दिलेली अक्का. तिघांचं एकमत होतं की शेअर आईच्या नावावर करायचे, भांडण कसलंच नाही. एकूण किंमत दोन लाखाच्या आत.

हे शेअर वारसाच्या नावावर करण्याला ट्रान्समिशन म्हणतात. खरेदी-विक्रीचं कागदी ट्रान्सफर १ एप्रिल २०१९ पासून बंद आहे, पण मयताचे शेअर वारसाच्या नावे करायला कागदी सर्टिफिकेट चालतात. एका कंपनीतली किंमत पाच लाखापर्यंत असेल तर कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट लागत नाही, आयएसआर-५ हा फॉर्म, मृत्यू प्रमाणपत्र, सगळ्या वारसांचं नोटरी केलेलं ॲफिडेव्हिट, इंडेम्निटी बाँड अन बाकीच्या वारसांची ना-हरकत एवढ्यावर काम होतं. वरून नवीन होल्डरची केवायसी, म्हणजे आयएसआर-१, अन बँकेकडून सही तपासून घेतलेला आयएसआर-२. हे सगळं कंपनीकडं जात नाही, कंपनीनं नेमलेल्या रजिस्ट्रारकडं जातं, ज्याला आरटीए म्हणतात. आमच्या कंपनीचा रजिस्ट्रार लांब परराज्यात, त्यामुळं सगळं स्पीड पोस्टानं.

फेब्रुवारीत आम्ही कागद पाठवले. रजिस्ट्रारचं पत्र आलं की आयएसआर-२ वर बँक मॅनेजरचा एम्प्लॉई कोड नाही. तो घेतला, परत पाठवलं. मंग पत्र आलं की अक्काची ना-हरकत वेगळ्या बाँडवर पाहिजे. दाजींनी नांदेडला नोटरी करून कागद धाडले, ते पाठवले. मंग तिसरं पत्र, की शेअर सर्टिफिकेटवर अण्णांचं नाव नुसतं आहे अन मृत्यू प्रमाणपत्रावर नावापुढं "राव" आहे, सबब नावात फरक, गॅझेटची प्रत जोडा. आता आपल्याकडं कोण माणूस "राव" लागलं म्हणून गॅझेट करतो? शाळेच्या दाखल्यावर साधं नाव, सातबाऱ्यावर राव, पेन्शनच्या कागदावर राव, आजोबांच्या नावाला राव आहे तर कुठं नाही, मराठवाड्यातल्या निम्म्या घरांची हीच कथा. अन मयत माणसाचं नावबदलाचं गॅझेट आता कोणी काढायचं?

माझा राग या तिसऱ्या पत्रावर होता, अन तो फक्त "राव" साठी नव्हता. नावातला फरक पहिल्याच दिवशी कागदावर दिसत होता. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं रजिस्ट्रारना परिपत्रकात स्पष्ट सांगितलेलं आहे की हरकती काय काढायच्या त्या एकाच वेळी काढा, नंतर काही मागायचं तर माणसानं दिलेल्या उत्तरात त्रुटी असेल तरच मागा. इथं एक हरकत सोडवली की दुसरी निघत होती. प्रत्येक पत्रानं घड्याळ पुन्हा शून्यावर, कारण रजिस्ट्रारच्या सिस्टिममधी आधीची रिक्वेस्ट "हरकत कळवली" म्हणून बंद होते अन तुमचे नवीन कागद नवीन इनवर्ड नंबरवर चढतात. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं याच्याशीच सगळं येऊन जोडतं.

त्यातच जून उजाडला अन विद्यापीठाच्या जुन्या क्वार्टरमधी आता राहणाऱ्या साहेबांनी एक पाकीट आणून दिलं. कंपनीची नोटीस होती. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नाही तर कंपनी कायद्याच्या कलम १२४ प्रमाणं तो डिव्हिडंड तर जातोच, पण शेअर सुद्धा सरकारच्या आयईपीएफ फंडात वर्ग होतात. आमचा पहिला न घेतलेला डिव्हिडंड २०१७ च्या सभेतला, म्हणजे मुदत २०२४ च्या दिवाळीच्या आसपास भरत होती. त्या सात वर्षांतला एखाद्या वर्षाचा जरी डिव्हिडंड घेतला तरी साखळी तुटते अन शेअर वाचतात, पण घेणार कोण? होल्डर मयत, अन आईचं नाव चढल्याशिवाय तिला पैसे मिळणार नाहीत. फंडात गेलेले शेअर परत मिळतात, त्याला आयईपीएफ-५ फॉर्म भरून क्लेम करावा लागतो, पण ती वेगळी अन लांबलचक वाट आहे, सत्तरीच्या आईला घेऊन त्या वाटेनं जायची माझी तयारी नव्हती.

प्रत्येक लिस्टेड कंपनीनं गुंतवणूकदारांच्या तक्रारीसाठी एक ईमेल वेबसाईटवर टाकायचा असतो, त्यावर मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते कंपनीचं नव्हतं, रजिस्ट्रारचं होतं, शब्दाला शब्द तेच, गॅझेट जोडा. म्हणजे ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्याकडंच माझा मेल फॉरवर्ड झाला होता.

तेव्हा मी शोधायला बसलो की या दोघांच्या वर कंपनीत कोण आहे. ज्या कंपनीला वर्षात कधीही हजारापेक्षा जास्त शेअरहोल्डर, डिबेंचरवाले, ठेवीदार वगैरे धरून सिक्युरिटी होल्डर असतात तिला कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७८ प्रमाणं ती अहवालातली स्टेकहोल्डर्स रिलेशनशिप कमिटी नेमावीच लागते, अन सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमात, ज्याला एलओडीआर म्हणतात, नियम २० मधी तीच गोष्ट लिस्टेड कंपन्यांसाठी अजून घट्ट करून सांगितलीय. कमीत कमी तीन डायरेक्टर, त्यात एक तरी इंडिपेंडंट, अध्यक्ष नॉन-एक्झिक्युटिव्ह पाहिजे, म्हणजे कंपनीचं रोजचं काम बघणारा माणूस अध्यक्ष होऊ शकत नाही. वर्षातून एक मीटिंग तरी झालीच पाहिजे. अन अध्यक्षानं वार्षिक सभेला हजर राहून शेअरहोल्डरच्या प्रश्नाला उत्तर द्यायचंय. या शेवटच्या ओळीखाली मी पेनानं रेघ मारली.

कमिटीचं काम काय, तर ट्रान्सफर-ट्रान्समिशन, न मिळालेला डिव्हिडंड, न मिळालेला अहवाल, डुप्लिकेट सर्टिफिकेट अशा तक्रारी सोडवणं, एवढंच जुनं होतं. २०१९ पासून त्यात भर पडली ती जास्त कामाची आहे: रजिस्ट्रारची सेवा ठरल्या दर्जाप्रमाणं आहे का ते तपासणं, अन न घेतलेल्या डिव्हिडंडचा ढीग कमी व्हावा म्हणून कंपनीनं काय केलं ते बघणं. आमचं प्रकरण या तिन्ही ओळीत बसत होतं. ट्रान्समिशन अडकलेलं, रजिस्ट्रार एकेक हरकत काढतोय, अन सात वर्षांचा डिव्हिडंड पडून.

आता शून्याकडं येतो. मी कंपनी सेक्रेटरीला फोन लावला. कंपनीचा कंप्लायन्स ऑफिसर हाच असतो, नियमानं सेक्रेटरीच असावा लागतो, नाव-पद अहवालात छापलेलं असतं. मॅडम होत्या, बोलायला चांगल्या, त्यांनी टाळलं नाही. मी विचारलं, मॅडम, आमचं काम फेब्रुवारीपासून पडलंय, तुमच्या अहवालात शिल्लक शून्य कसं? त्या म्हणल्या, "सर, तुमची तक्रार नाहीये, सर्व्हिस रिक्वेस्ट आहे."

मंग त्यांनी नीट समजावलं. रजिस्ट्रारकडं येणारं प्रत्येक पत्र आल्या आल्या एका खान्यात टाकलं जातं. पत्ता बदला, नाव चढवा, डुप्लिकेट द्या, हे रिक्वेस्ट. माझे किती शेअर आहेत, हे विचारणं क्वेरी. अन तक्रार म्हणजे जे सेबीच्या स्कोअर्स नावाच्या तक्रारीच्या पोर्टलवरून, स्टॉक एक्स्चेंजकडून किंवा सरकारच्या कंपनी निबंधक ऑफिसकडून येतं ते, अन माणसानं सरळ पाठवलेल्यातलं ज्याच्यावर तक्रार असं स्पष्ट दिसतं तेवढं. दर तिमाहीला एक्स्चेंजला जो तक्ता जातो, सुरुवातीला किती, आल्या किती, सोडवल्या किती, राहिल्या किती, तो फक्त या शेवटच्या खान्यावरून भरतात, तोच बोर्डापुढं जातो अन तोच कमिटीपुढं. माझ्या मेलचा विषय मी "फोलिओ नंबर अमुक, ट्रान्समिशनबाबत" असा टाकलेला, अन रजिस्ट्रारच्या माणसानं तो रिक्वेस्टवरचा पत्रव्यवहार म्हणून चढवला.

मी विचारलं, मंग कमिटीच्या लोकांना आमच्याबद्दल काय माहितीय? मॅडम म्हणल्या, काहीच नाही, कमिटी एकेक फाईल उघडत नाही, त्यांच्यापुढं मी तक्ता अन रजिस्ट्रारचा रिपोर्ट ठेवते, शिल्लक शून्य असेल तर विषय पाच मिनिटात होतो. त्यांनी हे लपवलं नाही याचं मला बरं वाटलं. पण विचार करा, रिक्वेस्ट हरकत काढून बंद होते, परत नव्यानं चढते, त्यामुळं ती कधी जुनी दिसत नाही, अन तक्रारीच्या खान्यात तर ती येतच नाही. सहा महिने रखडलेलं काम असं दोन्ही बाजूनं गायब. कमिटीतल्या तिघांची नियत कितीही चांगली असू द्या, चाळणीतून जे खाली पडलंच नाही ते त्यांना दिसणार कसं.

मी एक्स्चेंजच्या साईटवर जाऊन एप्रिल ते जून तिमाहीचा तक्ता पण काढला, तो तेव्हा तिमाही संपल्यावर २१ दिवसांत टाकावा लागायचा, सगळ्यांना बघायला खुला. सुरुवातीला ०, आल्या १, सोडवल्या १, राहिल्या ०. ती एक आमची नव्हती. पडताळायची ही सगळ्यात सोपी रीत आहे: तुम्ही तक्रार केली त्या तिमाहीचा तक्ता काढा अन "आल्या" मधी आकडा हलला का बघा. नसेल हलला तर तुमची तक्रार तक्रार म्हणून चढलेलीच नाही. आता हा तक्ता इंटिग्रेटेड फायलिंग नावाच्या एकत्र कागदात येतो, तिमाही संपल्यावर ३० दिवसांत.

त्याच आठवड्यात मी तीन गोष्टी केल्या.

पहिली, कमिटीच्या अध्यक्षांच्या नावानं पत्र, कंपनीच्या रजिस्टर्ड ऑफिसच्या पत्त्यावर, सेक्रेटरींच्या मार्फत, रजिस्टर पोस्टानं, अन तेच तक्रारीच्या ईमेलवर. विषयात पहिला शब्दच तक्रार. आत रडगाणं काही नाही. फोलिओ नंबर, शेअर किती, रजिस्ट्रारचे सगळे इनवर्ड नंबर तारखेसकट एकाखाली एक, कोणत्या तारखेला कोणती हरकत काढली ते, अन शेजारी, ती हरकत पहिल्याच कागदावरून दिसत होती की नाही. हा तक्ता महत्त्वाचा, कारण एकेक पत्र बघितलं तर प्रत्येक हरकत रास्तच वाटते, ओळीनं लावली की मगच कळतं काय चाललंय. खाली मागणी दोनच. एक, नावातल्या फरकासाठी गॅझेट न मागता नोटरी केलेलं ॲफिडेव्हिट, अण्णांचं पॅन कार्ड अन सर्व्हिस बुकाच्या पहिल्या पानाची साक्षांकित प्रत घ्यावी. सर्व्हिस बुकात दोन्ही प्रकारे नाव आहे, वडिलांचं नाव अन जन्मतारीख एकच, तो कागद म्हणजे सोनं निघालं, विद्यापीठातल्या जुन्या सहकाऱ्यांनी धावपळ करून काढून दिला. दोन, आयईपीएफची मुदत भरायच्या आत निर्णय कळवावा, अन नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं.

दुसरी, स्कोअर्स. पत्ता scores.sebi.gov.in, आईच्या पॅनवर खातं काढलं. १ एप्रिल २०२४ पासून याची नवीन आवृत्ती सुरू झालीय, तक्रार आपोआप थेट कंपनीकडं जाते अन कंपनीला २१ दिवसांत केलेल्या कारवाईचा रिपोर्ट टाकावा लागतो. त्यावर समाधान झालं नाही तर १५ दिवसांत पहिला रिव्ह्यू मागायचा, तो एक्स्चेंजकडं जातो, तिथंही नाही पटलं तर परत १५ दिवसांत दुसरा, तो सेबीकडं. पण आधी कंपनीकडं तक्रार केल्याचा पुरावा पाहिजे, तो आमच्याकडं पत्राच्या रूपात होता. स्कोअर्सवर टाकल्याचा खरा फायदा हा की ती खान्यातून निसटू शकत नाही, तक्त्यात आकडा हलतोच.

तिसरी गोष्ट वार्षिक सभेची. सभा ऑगस्टच्या शेवटी होती, ऑनलाईन. बोलायचा हक्क फक्त शेअरहोल्डरला. आई अजून रजिस्टरवर नाही, अन अण्णांच्या नावानं कोणी बोलू शकत नाही. माझ्या डिमॅटला त्याच कंपनीचे थोडे शेअर होते, त्यावर मी स्पीकर म्हणून नाव नोंदवलं. नोटीशीत त्यासाठी ईमेल अन शेवटची तारीख दिलेली असते, ती चुकली की बोलता येत नाही, चॅटमधी लिहावं लागतं.

सभेत माझा नंबर आला तेव्हा बरेच जण बोलून गेलते, कोणी बोनस मागत होतं, कोणी फॅक्टरी दाखवा म्हणत होतं. मी म्हणलं की माझा प्रश्न स्टेकहोल्डर्स रिलेशनशिप कमिटीच्या अध्यक्षांना आहे, अन उत्तर त्यांनीच द्यावं ही विनंती. आईचं प्रकरण एका वाक्यात सांगितलं, कारण एकट्याच्या कामाला सभेत "सेक्रेटरीला भेटा" हेच उत्तर मिळतं, अन ते चूक नाही. मंग मूळ प्रश्न: ३१ मार्चला रजिस्ट्रारकडं २१ दिवसांपेक्षा जुन्या किती सर्व्हिस रिक्वेस्ट होत्या, त्यातल्या किती हरकत काढून बंद केल्या अन परत चढल्या, अन हा आकडा कमिटीनं वर्षभरात एकदा तरी मागितला का.

बोर्डाचे चेअरमन सगळ्यांना एकत्र उत्तर देत होते, माझ्या प्रश्नाला त्यांनी कमिटीच्या अध्यक्षांकडं माईक दिला. वयस्कर गृहस्थ, इंडिपेंडंट डायरेक्टर. त्यांनी सरळ सांगितलं की कमिटीपुढं तक्रारींचा तक्ता येतो, रिक्वेस्टचं वय दाखवणारा रिपोर्ट आलेला नाही, पुढच्या मीटिंगला तो मागवतो, अन तुमचं पत्र माझ्यापर्यंत पोचलंय. मला एवढंच पाहिजे होतं. शेकडो लोकांसमोर बोललेलं वाक्य सभेच्या इतिवृत्तात जातं, अन सभेचं इतिवृत्त शेअरहोल्डरला बघायचा हक्क आहे. कमिटीच्या मीटिंगचं इतिवृत्त मात्र आपल्याला बघता येत नाही, म्हणून तिथं काय ठरलं हे कळायचं तर सभेत विचारणं हीच वाट.

काम मार्गी लागायला यातलं नेमकं काय कारणी लागलं हे मी छातीठोक सांगू शकणार नाही, पण स्कोअर्सवर मुदतीच्या आत कंपनीचा रिपोर्ट पडला की ॲफिडेव्हिट अन सर्व्हिस बुक मान्य, गॅझेटची गरज नाही. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं की मूळ सर्टिफिकेट पाठवा. त्यानंतर आईच्या नावानं लेटर ऑफ कन्फर्मेशन आलं. २०२२ च्या जानेवारीपासून नवीन कागदी सर्टिफिकेट द्यायचे बंद झालेत, त्याच्या जागी हे पत्र द्यायचे, अन ते १२० दिवसांत डिमॅट खात्यात जमा करून घ्यावं लागायचं, नाहीतर शेअर कंपनीच्या सस्पेन्स खात्यात जायचे. आईचं डिमॅट खातं परभणीतच उघडलं, पत्र अन शेअर डिमॅट करायचा डीआरएफ फॉर्म दिला, शेअर चढले. मागच्या वर्षांचे डिव्हिडंड केवायसी पूर्ण झाल्यावर सरळ बँकेत आले, आयईपीएफची साखळी मुदतीच्या आत तुटली. आईनं पासबुक भरून आणायला लावलं अन अण्णांचा चष्मा लावून प्रत्येक नोंद बोट ठेवून बघितली.

या कमिटीकडून काय होणार नाही हे पण सांगायला पाहिजे, कारण माझं झालं म्हणून गावातल्या दोघांनी मला कागद आणून दिले. एकाच्या घरी दोन भावांत वाद, एक भाऊ ना-हरकतीवर सही करत नाही. तिथं कमिटी काही करू शकत नाही, वारस कोण अन हिस्सा किती हे ठरवायचा अधिकार तिला नाही, त्यांना कोर्टातूनच यावं लागेल. दुसऱ्याचे शेअर ब्रोकरनं परस्पर विकले, तो कंपनीचा विषयच नाही, ब्रोकरविरुद्ध वेगळी तक्रार. कमिटी नुकसानभरपाई देत नाही. अन कलम १७८ मधी कमिटी न नेमली तर दंड आहे, पण नेमून, चांगल्या हेतूनं बघूनही तक्रार सुटली नाही तर तो कायद्याचा भंग धरत नाहीत, असं तिथंच लिहिलेलं आहे. म्हणून नुसतं कमिटीला पत्र लिहून थांबायचं नाही, स्कोअर्स बरोबरीनं चालू ठेवायचं, अन तिथले रिव्ह्यूही संपले तर सेबीचं ऑनलाईन वादनिवारण पोर्टल, स्मार्ट ओडीआर, आहे.

जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत त्या कंपनीच्या तक्त्यात आकडा हलला, त्यात आमची तक्रार होती. २०२५ च्या वार्षिक अहवालात कमिटीच्या पानावर एक नवीन ओळ आली, की कमिटीनं रजिस्ट्रारकडच्या मुदतीपलीकडच्या सर्व्हिस रिक्वेस्टचा आढावा घेतला. आकडा मात्र दिलेला नाही. तेव्हा येत्या सभेसाठी प्रश्न लिहून ठेवलाय, आता आईच्या नावानं स्पीकर नोंदणी करणार आहे: आढावा घेतला त्या दिवशी मुदतीपलीकडच्या रिक्वेस्ट किती होत्या, त्यातल्या एकापेक्षा जास्त वेळा हरकत काढलेल्या किती, अन अशी रिक्वेस्ट तिसऱ्या वेळी परत आली की ती आपोआप तक्रार म्हणून चढवायची सूचना कमिटी रजिस्ट्रारला देणार का.